७० टक्के माल साइटवर, तरी एकही बे उभा नाही : पीओ ट्रॅकिंग आणि तगादा (कोल्ड स्टोरेज, तासगाव तालुका)

मिरजेची_पल्लवी | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम चालू आहे. कंत्राटदाराकडून प्लॅनिंग आणि साइट बिलिंग मी बघते. शेड पीईबीची आहे, म्हणजे स्टीलच्या फ्रेम कारखान्यात बनून साइटवर जोडायच्या; ५४ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. दर ६ मीटरवर एक फ्रेम, म्हणजे ग्रिड १ ते १० आणि मध्ये नऊ बे. स्टील शीटसकट साधारण ६० टन. शेडच्या आत पफ पॅनेलच्या खोल्या आणि अमोनियाची यंत्रणा आहे.

पीईबीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, ३ नोव्हेंबरची आहे आणि डिलिव्हरी ८ आठवडे लिहिली आहे. त्या हिशेबाने २९ डिसेंबरला माल पूर्ण यायला हवा होता. शेड्यूलमध्ये ५ जानेवारीला इरेक्शन सुरू, ६ फेब्रुवारीपर्यंत छताची शीट, ७ फेब्रुवारीपासून पफ पॅनेल, ५ मार्चपासून कूलिंगची चाचणी आणि १६ मार्चला गोदाम मालकाच्या ताब्यात असं धरलं होतं.

आज १२ तारीख. चलनं जोडून बघितली तर ४२ टन माल आला आहे. माझ्या एक्सेलमध्ये ही पीओ ७० टक्के दिसते, हेड ऑफिसच्या अहवालातही तेच जातं, आणि तिथे सगळे निवांत आहेत. इकडे इरेक्शनची टोळी आठ दिवस बसून आहे, क्रेन परत पाठवली. पुरवठादाराला रोज फोन होतो आणि रोज "परवा गाडी निघेल" हेच उत्तर मिळतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या शीटमध्ये नेमकं काय चुकतंय, की अडचण आधी दिसली नाही? आणि आता तगादा कुठे लावायचा?

---

शेखर_कुपवड | १२ जानेवारी, रात्री १०:०५

पल्लवीताई, पीओत उशिराच्या दंडाचं कलम आहे ना? आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के असं बहुतेक असतंच. उद्या सकाळी लेखी नोटीस द्या आणि पुढच्या बिलातून कापा. आम्ही कुपवड एमआयडीसीत दोन शेड केल्या आहेत. नोटीस गेल्याशिवाय कोणी हलत नाही. फोनवर काही होत नसतं.

---

वाईचा_घरबांध्या | १२ जानेवारी, रात्री १०:३०

अगदी हाच त्रास मला आहे. वाईत घर बांधतोय. खिडक्यांचे पैसे गणपतीत दिले, अजून खिडक्या नाहीत. प्लास्टर त्यामुळे अडलंय. त्यांनाही नोटीस द्यावी का?

---

कराडचे_अप्पा | १२ जानेवारी, रात्री ११:१५

पल्लवी, तुझ्या प्रश्नातच उत्तराचं टोक आहे. तू टन मोजते आहेस, आणि टनांनी शेड उभी राहत नाही. आलेल्या ४२ टनांत काय काय आहे ते चलनाच्या मागची पॅकिंग लिस्ट काढून पार्ट मार्कप्रमाणे लिही. कोणत्या ग्रिडचे कॉलम आले, कोणत्या ग्रिडचे राफ्टर आले, ब्रेसिंगचे रॉड आले का, ८.८ ग्रेडचे बोल्ट आले का. एवढं लिहून इथे टाक, मग पुढचं बोलू.

शेखरराव, दंडाचं कलम असेलच, पण ८ आठवडे कधीपासून मोजायचे हे पीओत काय लिहिलंय ते आधी वाचायला लागेल. पीईबीच्या पुरवठादारांच्या कोटेशनमध्ये बहुधा "ड्रॉइंग मंजुरी आणि ॲडव्हान्स, यांतलं जे नंतर होईल तेव्हापासून" अशी ओळ असते. कोटेशन पीओला जोडलेलं असेल तर तीच लागू होते. नोटीस दिली आणि उत्तरात त्यांनी ती ओळ दाखवली, तर आपलीच बाजू उघडी पडते.

वाईकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला ऑर्डरची पावती आणि मापांची मंजूर शीट लागेल. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

---

मिरजेची_पल्लवी | १३ जानेवारी, दुपारी १:२०

अप्पा, स्टोअरकीपरबरोबर बसून सकाळभर यादी केली.

शीट आणि गटर मिळून १५ टन, म्हणजे जवळपास सगळी शीट आली आहे. पर्लिन आणि गर्ट १३ टन, तेही जवळपास सगळे. उरलेले १४ टन कॉलम आणि राफ्टर. कॉलम सात फ्रेमचे आलेत. राफ्टर फक्त चार फ्रेमचे : ग्रिड १, ५, ६ आणि ९. ब्रेसिंगचे रॉड एकही नाहीत. हाय स्ट्रेंग्थ बोल्टचे तीन डबे आलेत, पण ते पर्लिनचे १२ एमएमचे निघाले. फ्रेमच्या जोडाला लागणारे २० एमएमचे नाहीत.

ड्रॉइंगप्रमाणे ब्रेसिंगचे बे दोन : ग्रिड २-३ आणि ग्रिड ८-९. दोन्हीतला एकही पूर्ण नाही.

पीओसुद्धा वाचली. पुरवठादाराचं कोटेशन जोडलेलं आहे आणि अप्पा म्हणतात तीच ओळ त्यात आहे. ड्रॉइंग कन्सल्टंटकडून मंजूर झालं २७ नोव्हेंबरला, ॲडव्हान्स पोचला ४ डिसेंबरला. तिथून ८ आठवडे म्हणजे २९ जानेवारी. पुरवठादाराच्या मते तो अजून उशिरात नाहीच.

---

शेखर_कुपवड | १३ जानेवारी, दुपारी २:००

ग्रिड ५ आणि ६ शेजारी-शेजारी आहेत ना? मग तिथून सुरुवात करा. चार बाजूंनी गाय रोप ताणा, पर्लिन मारा, फ्रेम उभ्या राहतात. बोल्ट सांगलीत मिळतील. टोळी बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं. आम्ही असं केलंय.

---

कराडचे_अप्पा | १३ जानेवारी, दुपारी ३:४५

शेखरराव, टोळी बसवून ठेवणं महाग पडतं हे खरं. पण ५-६ हा ब्रेसिंगचा बे नाही. पीईबी उभी करताना पहिल्यांदा ब्रेसिंगचा बे उभा करतात, तो ओळंब्यात आणून रॉड ताणतात, आणि मग बाकीच्या फ्रेम पर्लिनने त्याला बांधत जातात. आधाराला तो बे नसताना ३० मीटरच्या मोकळ्या स्पॅनचे दोन राफ्टर नुसत्या दोरांवर उभे ठेवायचे आणि मागचा माल पंधरा दिवसांनी यायचा, हा धोका आहे. तासगावचा माळ उघडा आहे, वारा कुठूनही येतो. पुरवठादाराच्या डिझायनरने तात्पुरत्या आधाराचं ड्रॉइंग सहीनिशी दिलं तरच विचार करा. साइटवरच्या अंदाजावर नको.

पल्लवी, आता बघ. सत्तर टक्के टन आले आणि उभे करता येतील असे बे शून्य. हा आकडा आजच्या अहवालात लिही. हेड ऑफिसला निवांतपणा आहे तो त्या ७० मुळेच.

माल असाच का आला, त्यालाही कारण आहे. पीईबीचं बिल वजनावर होतं. शीट रोल फॉर्मिंगवर दोन दिवसांत निघते, पर्लिनही मशीनवरच निघतात. राफ्टरला मात्र प्लेट कापणं, वेल्डिंग, एंड प्लेटची भोकं, ब्लास्टिंग, रंग असा लांबचा प्रवास असतो. ज्याचं लवकर बिल करता येतं ते लवकर निघतं. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. पीओत क्रम लिहिलेला नसेल तर पुरवठादार त्याच्या सोयीचा क्रम घेतो. तुझ्या पीओत डिस्पॅचचा क्रम लिहिलाय का?

---

मिरजेची_पल्लवी | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

नाही. फक्त "पूर्ण माल ८ आठवड्यांत" एवढंच.

---

फॅब_शॉपवाला | १३ जानेवारी, रात्री ८:३०

मी पुरवठादाराच्या बाजूला काम करतो, दुसऱ्या कंपनीत, चाकणकडे. आमची बाजू सांगतो.

शॉपमध्ये आम्ही ग्रिडप्रमाणे काम करत नाही. एकाच जाडीच्या प्लेटचे भाग एकत्र कापतो, त्याने भंगार कमी निघतं. त्यामुळे १, ५, ६ आणि ९ नंबरच्या फ्रेम एकदम तयार झाल्या असतील तर त्यांच्या प्लेटची जाडी सारखी असणार. २, ३ आणि ८ मागे राहिल्यात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी वेगळं आहे. जाड फ्लँज असेल. ती जाडी स्टॉकमध्ये नसते, मिलकडून किंवा व्यापाऱ्याकडून मागवावी लागते, आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय आम्ही मागवत नाही. "परवा निघेल" म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक हे माहीतही नसतं. तो मार्केटिंगचा असतो, शॉपमध्ये उतरलेला नसतो.

आणखी एक सांगतो. ग्राहकाने क्रम मागितला तर आम्ही देतो. पण तो कटिंगच्या आधी मागावा लागतो.

---

मिरजेची_पल्लवी | १३ जानेवारी, रात्री ९:१५

फॅब_शॉपवाले, तुमचं अगदी बरोबर बसतंय. ग्रिड २, ३ आणि ८ च्या राफ्टरला कूलिंग युनिटं टांगायची आहेत. त्यांचं वजन रेफ्रिजरेशनवाल्यांनी २२ नोव्हेंबरला दिलं, कारण त्यांची पीओच १२ नोव्हेंबरला निघाली. ते वजन धरून ड्रॉइंग सुधारलं आणि मग २७ तारखेला मंजूर झालं. त्या सुधारणेत या तीन फ्रेमची फ्लँज जाड झाली आहे.

म्हणजे एका पीओचा उशीर दुसऱ्या पीओच्या माहितीत होता. माझ्या शीटमध्ये हे येण्यासाठी रकानाच नाही.

---

कराडचे_अप्पा | १३ जानेवारी, रात्री १०:५०

रकाना नसतो, बहुतेकांच्या शीटमध्ये नसतो. पीओ नंबर, तारीख, रक्कम, डिलिव्हरीची तारीख, किती आलं. एवढ्यावर बिलं पास होतात, पण काम कुठे अडेल ते दिसत नाही. तारीख उलटून गेल्यावरच शीट बोलायला लागते.

प्रत्येक मोठ्या पीओला टप्पे द्यायचे. पीओ गेली, दुसऱ्यांकडून लागणारी माहिती मिळाली, ड्रॉइंग आलं, मंजूर झालं, ॲडव्हान्स पोचला, कच्चा माल त्यांच्या यार्डात आला, फॅब्रिकेशन, रंग, डिस्पॅच, साइटवर. पहिल्या पाच टप्प्यांतले बरेचसे आपल्याच हातात असतात, आणि उशीर तिथेच पिकतो. तुझ्या पीओला ३ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असा महिना तिथेच गेला. गाडी पुण्याहून सांगलीला यायला एक रात्र लागते. तगादा मात्र सगळे गाडीसाठीच लावतात.

सगळ्याच पीओंना एवढे टप्पे देऊ नकोस. सिमेंट, खडी, टीएमटी, कव्हर ब्लॉक यांना आठवड्याची मागणी पुरते. तुझ्या कामात टप्प्यांनी बघण्यासारख्या पाचसहाच पीओ असतील : पीईबी, पफ पॅनेल, कॉम्प्रेसर-कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल बोर्ड आणि कोल्ड रूमचे दरवाजे.

दुसरं, तारखांचे रकाने तीन हवेत. साइटवर लागायची तारीख शेड्यूलमधून येते. पीओतली तारीख करारासाठी असते. पुरवठादाराची ताजी तारीख दर आठवड्याला बदलते, पण जुनी खोडायची नाही, शेजारी नवी लिहायची. एखाद्याने दोनदा तारीख पुढे ढकलली की तिसऱ्या तारखेची वाट न बघता माणूस पाठवायचा.

---

मिरजेची_पल्लवी | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

अप्पा, शेड्यूल एमएस प्रोजेक्टमध्ये आहे. त्यात पीईबीची डिलिव्हरी ही एकच ओळ आहे आणि इरेक्शनला `Must Start On` ५ जानेवारी दिलं आहे. माझ्या आधीच्या इंजिनिअरने तसं ठेवलं होतं.

---

कराडचे_अप्पा | १४ जानेवारी, सकाळी ११:००

ते आधी काढ. इरेक्शनला तारीख ठोकून ठेवली की माल कितीही लांबला तरी शेड्यूल हलत नाही, आणि पुढच्या तारखा हिरव्यागार दिसत राहतात. इरेक्शनला `As Soon As Possible` ठेव. पीईबीची एक ओळ मोडून लॉटच्या ओळी कर. लॉट १ म्हणजे ग्रिड १ ते ४ चे कॉलम, राफ्टर, २-३ चं ब्रेसिंग आणि त्यांचे बोल्ट. लॉट २ म्हणजे ५ ते ७, लॉट ३ म्हणजे ८ ते १० आणि ८-९ चं ब्रेसिंग. प्रत्येक लॉटच्या आगमनाला `Start No Earlier Than` लावून पुरवठादाराची ताजी तारीख दे, आणि तिथून त्या-त्या बेच्या इरेक्शनला जोड. साइटवर लागायची तारीख `Deadline` मध्ये टाक. मग `Total Slack` बघ. जिथे ऋण आकडा दिसेल तिथे तगादा.

एक्सेलमध्येही तेच करता येतं. एफमध्ये ताजी तारीख, जीमध्ये लागायची तारीख :

```
=G2-F2
```

उत्तर ऋण आलं की तेवढे दिवस काम अडणार. शून्य ते सात असेल तर आठवड्याला दोनदा विचारायचं. त्याहून जास्त असेल तर त्या पुरवठादाराला उगाच फोन करू नकोस. सगळ्यांना रोज फोन केला की ज्याला खरंच घाई आहे त्यालाही ती खरी वाटत नाही.

---

शेखर_कुपवड | १४ जानेवारी, दुपारी १२:२०

हे सगळं मोठ्या कंपन्यांना ठीक आहे अप्पा. आमच्याकडे मालक, सुपरवायझर आणि मी. एमएस प्रोजेक्ट कोण उघडणार? आम्ही भिंतीवर फळा लावतो.

---

कराडचे_अप्पा | १४ जानेवारी, दुपारी १:००

फळा चालेल. फळ्यावर लॉट लिहा, टन लिहू नका, एवढंच म्हणणं आहे.

---

सावळजचा_बागायतदार | १४ जानेवारी, दुपारी ४:३०

मध्येच बोलतो, माफ करा. मी द्राक्षबागवाला आहे, इंजिनिअर नाही. आमच्याकडे फेब्रुवारीअखेरपासून माल शेडवर टाकायला सुरुवात होते. पंधरा-वीस दिवसांत बेदाणा सुकतो. म्हणजे मार्चच्या मध्यापासून कोल्ड स्टोरेजला गर्दी. तुमचं गोदाम एप्रिलमध्ये चालू झालं तर मालक त्या गर्दीतला मोठा वाटा गमावणार. शेतकरी एकदा दुसरीकडे पेट्या ठेवून बसला की त्या हंगामात हलवत नाही. हे लक्षात असू द्या, १६ मार्च ही तारीख मालकाने उगाच दिलेली नाही.

---

मिरजेची_पल्लवी | १४ जानेवारी, रात्री ९:००

दादा, बरं झालं सांगितलंत. आम्ही ती कराराची तारीख म्हणूनच बघत होतो.

आज शेड्यूल दुरुस्त केलं. पूर्ण माल २९ जानेवारीला येईल असं धरून इरेक्शन ३० ला सुरू केलं तर सगळं २५ दिवसांनी सरकतं आणि ताबा १० एप्रिलला जातो. हा आकडा साहेबांना दाखवला. पहिल्यांदाच त्यांनी स्वतः पुरवठादाराला फोन केला. उद्या मी आणि आमचे क्वालिटीचे इंजिनिअर शॉपवर जातोय. अप्पा, तिथे काय बघू?

---

कराडचे_अप्पा | १४ जानेवारी, रात्री ९:५५

ऑफिसात चहा घेत बसू नका, थेट यार्डात जा. जाड प्लेट आली आहे का, आली असेल तर तिच्यावरचा हीट नंबर आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट जुळतं का. मग कटिंग, मग वेल्डिंग, मग ब्लास्टिंग. प्रत्येक ठिकाणी ग्रिड २, ३, ४ आणि ८ चे पार्ट मार्क शोधा आणि त्या मार्कसकट फोटो काढा. "तयार आहे" हा शब्द लिहून घेऊ नका. कोणता तुकडा कोणत्या टेबलावर आहे ते लिहा. ड्रॉइंगचा कोणता सुधारित क्रमांक शॉपमध्ये वापरतात तेही बघा. जुन्या ड्रॉइंगवर भोकं पाडलेली एंड प्लेट साइटवर आली तर सगळा वेळ फुकट.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन लॉटची यादी छापून न्या, आणि ॲडव्हान्सनंतरचे पैसे लॉटप्रमाणे द्यायची तयारी असेल तर साहेबांकडून तसं पत्र घेऊन जा. वजनावरचं बिल त्यांना शीटकडे ओढतं. लॉट १ पूर्ण आला की त्याचे पैसे दोन दिवसांत, असं कळलं तर क्रम बदलायला त्यांनाही कारण मिळतं.

---

फॅब_शॉपवाला | १४ जानेवारी, रात्री १०:२०

अप्पांशी सहमत. एक भर घालतो. ब्रेसिंगचे रॉड आणि २० एमएमचे बोल्ट आमच्याकडे बाहेरून येतात, शॉपमध्ये बनत नाहीत. ते कोणी ऑर्डर केले आहेत का ते खरेदी विभागात विचारा. इतकी लहान वस्तू असते की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्यावाचून फ्रेम उभी राहत नाही.

---

मिरजेची_पल्लवी | १६ जानेवारी, रात्री ८:४५

काल जाऊन आलो.

जाड प्लेट ८ जानेवारीला त्यांच्या यार्डात आली होती. सर्टिफिकेट जुळलं. ग्रिड २ आणि ३ चे राफ्टर वेल्डिंग होऊन उभे होते, एंड प्लेटच्या भोकांसाठी थांबले होते, कारण ड्रिलिंगवर दुसऱ्या ग्राहकाचं काम चालू होतं. ग्रिड ४ ब्लास्टिंगला. ग्रिड ८ ची प्लेट नुसती कापून ठेवलेली. ७ आणि १० सुद्धा कटिंगलाच. ड्रॉइंग सुधारितच वापरत होते.

२० एमएमचे बोल्ट आणि रॉड यांची ऑर्डर गेलेलीच नव्हती. फॅब_शॉपवाले, तुमचे आभार. तो प्रश्न विचारला नसता तर राफ्टर आल्यावर परत थांबलो असतो.

ठरलं ते असं. ड्रिलिंगवर आमचे चार राफ्टर आधी घेतले. लॉट १ ची तारीख २२ जानेवारी, लॉट २ ची २७, लॉट ३ ची ३१. ३१ म्हणजे त्यांच्या ८ आठवड्यांच्याही पुढे, ते त्यांनी लिहून दिलं. लॉट १ चे बोल्ट आम्ही शिरोलीहून घेतोय, टेस्ट सर्टिफिकेटसह, आणि बिल त्यांच्या खात्यावर. रॉड ते स्वतः देणार. पैशांचं पत्र खूप उपयोगी पडलं.

---

शेखर_कुपवड | १६ जानेवारी, रात्री ९:३०

चांगलं झालं. पण दंडाचा मुद्दा सोडू नका. २९ ते ३१ असे दोन दिवस का होईना, लेखी ठेवा. आणि डिसेंबरभर त्यांनी क्रमाबाहेर माल पाठवला, टोळी आणि क्रेन बसली त्याचं काय?

---

कराडचे_अप्पा | १६ जानेवारी, रात्री १०:१५

लेखी ठेवायला हवंच, शेखररावांचं हे बरोबर आहे. दर आठवड्याच्या बोलण्याचं इतिवृत्त मेलवर जाऊ दे. टोळी बसल्याचे पैसे मिळतील का, यावर मी खात्रीने सांगणार नाही. पीओत क्रम नव्हता, म्हणजे ते म्हणतील आम्ही कराराप्रमाणेच पाठवलं. भांडायला जागा आहे, पण माल पूर्ण येईपर्यंत ते भांडण काढू नका.

दुसरं, पफ पॅनेलची तारीख काय आहे?

---

मिरजेची_पल्लवी | १६ जानेवारी, रात्री १०:४०

५ फेब्रुवारीला साइटवर यायचे होते. पुरवठादार म्हणतो १० होईल. त्यांच्याही मागे लागलोय, आमचे साहेब म्हणतात जास्त भाडं देऊन दोन गाड्या एकदम मागवू.

---

कराडचे_अप्पा | १६ जानेवारी, रात्री ११:०५

कशाला? इरेक्शन सरकलं तसं पॅनेलची लागायची तारीखही सरकली. दुरुस्त शेड्यूलमध्ये बघ, बहुधा १० तारखेला आले तरी ते चारपाच दिवस नुसते पडून राहतील. उघड्यावर पडलेल्या पॅनेलचे कोपरे मोडतात, फिल्म उन्हाने चिकटून बसते, मग सांधे नीट बसत नाहीत. त्या पुरवठादाराला सांग की अर्धे पॅनेल १३ तारखेच्या सुमाराला हवेत, बाकीचे दहा दिवसांनी. आधी कोणत्या खोल्यांचे हवेत तेही सांग. वाचलेलं भाडं राफ्टरच्या गाडीला लागेल.

फक्त तारीख पुढे दिली म्हणून त्यांना मोकळं सोडू नको. त्यांच्याकडूनही टप्पे मागत राहा, नाहीतर ते आपला नंबर मागे टाकतात.

---

वाईचा_घरबांध्या | १७ जानेवारी, सकाळी ७:५०

मी सगळं वाचलं. माझ्या खिडकीवाल्याला विचारलं की प्रोफाइल तुमच्याकडे आलंय का, फोटो पाठवा. फोटो आला नाही. म्हणतो माप परत घ्यायला येतो. म्हणजे ऑर्डर लागलेलीच नव्हती बहुतेक.

---

ट्रान्सफॉर्मर_संजय | १७ जानेवारी, सकाळी १०:३०

पल्लवी मॅडम, साताऱ्याकडे इलेक्ट्रिकलची कामं करतो. तुमच्या यादीत ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून लिहितो. तो साइटवर आला म्हणजे झालं असं धरू नका. विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि महावितरणचं एचटी कनेक्शन झाल्याशिवाय चार्ज होत नाही. टेस्ट रिपोर्ट गाडीबरोबरच मागून घ्या, अर्जाला तेच लागतात. ५ मार्चला कूलिंगची चाचणी म्हणता, तर ट्रान्सफॉर्मरची लागायची तारीख त्यावरून मागे मोजा, साइटवर जागा तयार झाल्याच्या तारखेवरून नको.

---

मिरजेची_पल्लवी | १७ जानेवारी, दुपारी १२:१५

संजयजी, माझ्या शीटमध्ये ट्रान्सफॉर्मरची लागायची तारीख २५ फेब्रुवारी होती. परवानगीचे दिवस धरलेच नव्हते. आता त्या पीओलाही टप्पे लावते.

---

मिरजेची_पल्लवी | २५ जानेवारी, रात्री ९:२०

पुढचं सांगते. २१ तारखेला पुरवठादाराने ई-वे बिल पाठवलं आणि "गाडी निघाली" म्हणून कळवलं. बिलात फक्त पार्ट ए भरलेला होता, गाडीचा नंबर नव्हता. तसं सांगितल्यावर रात्री नंबर आला, पार्ट बी भरला गेला आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटोही आला. गाडी २२ च्या दुपारी साइटवर लागली. खंबाटकीत दोन तास अडकली एवढंच.

गाडी उतरवताना लॉटच्या यादीवर एकेक पार्ट मार्क टिक केला. ग्रिड ३ चा एक स्प्लाइस प्लेटचा संच कमी होता, तो दुसऱ्या दिवशी कुरिअरने आला. २४ ला क्रेन लावली. आज ग्रिड २-३ चा बे ओळंब्यात आणून रॉड ताणले आहेत.

नवीन शेड्यूलप्रमाणे छताची शीट २५ फेब्रुवारीला संपेल. पण ग्रिड १ ते ५ चं छत आधी पूर्ण करून त्याखाली १५ फेब्रुवारीपासून पॅनेल चालू करतोय, त्यामुळे ताबा मार्चच्या २४-२५ पर्यंत येतो. मालकाला तसं कळवलं आहे. १६ तारीख गेली, ते नाराज आहेत. पहिल्या दोन खोल्या आधी थंड करून देता येतील का, असं ते विचारत आहेत. रेफ्रिजरेशनवाले म्हणतात पाइपिंगला मध्ये व्हॉल्व्ह टाकून होईल, पण बाकीच्या खोल्यांत वेल्डिंग चालू असताना शेजारी अमोनिया भरायचा का, हे मला पटत नाहीये. कोणी असं टप्प्याटप्प्याने चालू केलंय का?

---

कराडचे_अप्पा | २५ जानेवारी, रात्री १०:३०

अमोनिया भरलेल्या लाइनशेजारी वेल्डिंगला मी हो म्हणणार नाही. पण मी खरेदीचा माणूस, रेफ्रिजरेशनचा नाही. मिरज-कुपवडकडे ज्यांनी कोल्ड स्टोरेज चालवलंय त्यांनी बोलावं.

तोपर्यंत लॉट ३ कडे लक्ष ठेव. ग्रिड ८ ची प्लेट १५ तारखेला नुसती कापलेली होती. या मंगळवारपर्यंत तिच्या वेल्डिंगचा फोटो पार्ट मार्कसकट आला नाही तर ३१ तारीख खरी नाही.